नऊला अंथरुणात, साडेअकराला झोप

रात्री नऊला दिवा मालवला आणि मुलाचा डोळा साडेअकराला लागला, तर मधल्या अडीच तासांत काय काय घडतं हे ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईबाबांना सांगायला नको. गादीवर उड्या, पाणी, परत पाणी, शू, भिंतीवर थापा, कार्टूनमधलं तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा. मग आईचा आवाज चढतो, मूल रडतं आणि शेवटी कुणीतरी दमून त्याच्या हातात मोबाइल देतं. मोठ्यांच्या हिशेबात हे अडीच तास वाया गेले. मुलाच्या हिशेबात मात्र ते वाया जात नाहीत. गादी म्हणजे जागायची, खेळायची आणि रडायची जागा, हे ते रोज रात्री अडीच तास शिकत असतं.

अशा घराला मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो: उशिरा झोपतोय ना, मग लवकर आडवं करा. नऊला झोपत नाही तर साडेआठला दिवे घालवा. हा सल्ला चुकीचा आहे. उपाय नेमका उलट्या बाजूनं सुरू होतो. मुलाला आधी उशिरा आडवं करायचं, इतक्या उशिरा की पाठ टेकली की त्याला झोप यावी. आणि मग ती वेळ थोडी थोडी अलीकडे आणायची. अमेरिकेतल्या कॅथलीन पियाझ्झा आणि वेन फिशर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये ही पद्धत नीट मांडली. विकासाच्या अडचणी असलेल्या मुलांचे उपचारक ती आजही वापरतात. औषध लागत नाही, खर्च नाही. लागते ती एक वही आणि तीन-चार आठवडे न बदलणारा एक नियम. आणि हो, घरातल्या सगळ्या मोठ्यांचं एकमत. तिथंच बहुतेक घरं अडतात.

झोप कशी जमते

झोप दोन गोष्टी मिळून आणतात. पहिली म्हणजे झोपेचा दाब. सकाळी उठल्या क्षणापासून तो साठायला लागतो, जितका वेळ जागं तितका वाढतो आणि झोप झाली की उतरतो. तो भुकेसारखाच असतो: संध्याकाळी पाचला वडापाव खाल्लेल्या पोराला आठला जेवण नको असतं, तसं पाचला डुलकी काढलेल्या पोराला नऊला झोप नको असते.

दुसरी गोष्ट मेंदूतलं घड्याळ. ते उजेडावर चालतं. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. या घड्याळाची एक खोड मात्र बहुतेक पालकांना ठाऊक नसते. माणसाच्या नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत टक्क जागं असतं. झोपेचे अभ्यासक पेरेट्झ लावी यांनी १९८०च्या दशकात या वेळेला झोपेचा निषिद्ध पट्टा असंच नाव दिलं. आता हिशेब करा. मूल रोज साडेअकराला झोपत असेल तर त्याचा निषिद्ध पट्टा साधारण साडेआठ ते साडेदहा-अकराचा आहे, आणि आपण त्याला बरोबर त्याच पट्ट्यात, नऊ वाजता, झोपवायला बघतोय. त्या वेळी ते दंगा करतं तेव्हा हट्ट करत नसतं. त्याला खरोखर झोप येऊ शकत नसते.

हे कुठल्याही मुलाला लागू आहे. ऑटिझममध्ये त्यावर आणखी थर चढतात. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी ५० ते ८० टक्के मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असतो. काहींमध्ये मेलाटोनिन कमी असतं किंवा उशिरा वाढतं. काहींना ट्यूबलाइटची घरघर, चादरीची शिवण, शेजारच्या घरातल्या मिक्सरचा आवाज आपल्यापेक्षा कितीतरी मोठा जाणवतो. शिवाय हातातली गोष्ट सोडून दुसरीकडे वळणं या मुलांना मुळातच जड जातं, आणि दिवस संपवून झोपायला जाणं हे सर्वांत मोठं वळण. घरातले इतर आवराआवर करू लागले, जांभया देऊ लागले की दुसऱ्या मुलाला आपोआप कळतं, आता झोपायचं. या मुलाला ते कळेलच असं नाही. त्याच्या दृष्टीनं आई अचानक येते आणि सगळं बंद करून टाकते.

वेळापत्रकाआधी तपासणी

वेळ बदलण्याआधी एक खात्री हवी: मूल कशानं तरी दुखतंय म्हणून तर जागत नाही ना? बोलू न शकणारं मूल पोट दुखतंय हे सांगत नाही, ते रात्री दोनला उठून बसतं. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीनं २०२०मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांच्या झोपेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा क्रम असाच आहे: आधी इतर आजार आणि चालू औषधं तपासा, मग सवयी बदला, आणि मेलाटोनिन त्यानंतर.

घरी काय पाहायचं? मूल घोरतं का, तोंडानं श्वास घेतं का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, ते पाहा. मागे वाढलेले ॲडेनॉइड असू शकतात. जेवणानंतर आडवं केलं की कण्हतं, पाठ कमानीसारखी ताणतं, तर आम्लपित्त वर येत असेल. तीन-चार दिवसांतून एकदाच आणि खडा होत असेल तर बद्धकोष्ठता. गुदद्वाराशी खाजवत असेल तर जंत. झोपेत एकाच पद्धतीचे झटके पुन्हा पुन्हा येत असतील, उठल्यावर मूल भांबावलेलं दिसत असेल, तर फिट्सची शंका डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी, कारण ऑटिझमबरोबर एपिलेप्सी इतर मुलांपेक्षा जास्त आढळते.

आणि पाय. झोपताना पाय सतत घासणं, आपटणं, आईनं दाबून दिले तरच शांत होणं, हे बरेचदा नाद म्हणून सोडून दिलं जातं. त्यामागे लोहाची कमतरता असू शकते. या मुलांचं खाणं मोजक्या पदार्थांवर चालतं. दूध, बिस्किटं, दहीभात, पांढरा पाव. त्यात लोह फारसं नाही. इथं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही, फेरिटिन पाहावं लागतं. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिन १५ किंवा २० असलं तरी ते नॉर्मलच्या रकान्यात येऊ शकतं. पण पायांची अशी अस्वस्थता असलेल्या मुलांमध्ये ते ५०च्या खाली असेल तर झोपेचे तज्ज्ञ लोह देण्याचा विचार करतात. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आहे एवढं ऐकून उठू नका, आकडा विचारा. लोहाचं औषध मात्र मनानं सुरू करायचं नाही. जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

दवाखान्यात शब्दांनी सांगण्यापेक्षा रात्रीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवा. घोरणं, पाय आपटणं, झटके, यातलं काहीही सकाळी अकराच्या ओपीडीत दिसत नाही.

एक घर, एक वही

आता एक घर समोर ठेवू. ते कुठल्या एका कुटुंबाचं नाही. अशा अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी जोडून उभं केलेलं आहे. वन बीएचके, आईबाबा, आजी आणि सहा वर्षांचा मुलगा. बोलतो मोजकं, पण समजतं पुष्कळ. तपासण्या झाल्या, विशेष काही निघालं नाही. फिट्सचा इतिहास नाही. (हे वाक्य महत्त्वाचं आहे. जागरणानं फिट येऊ शकते. फिट्स असलेल्या मुलावर पुढची पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.)

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. किती वाजता आडवं केलं, प्रत्यक्ष डोळा किती वाजता लागला, रात्री कधी उठला आणि किती वेळ जागा होता, सकाळी कधी उठला, दिवसा कुठं आणि किती झोपला. सकाळी अंदाजानं लिहिलेली वही कामाची नाही, कारण दमलेल्या माणसाला रात्रीचा अर्धा तास दोन तासांचा वाटतो आणि कधी उलटंही होतं. उशाशी वही ठेवून तिथल्या तिथं आकडा टाकायचा.

आठवड्यानं वहीत हे दिसलं. आडवा केला रोज नऊला. झोप लागली ११.१०, ११.४०, ११.३०, १२.१५, ११.२०, ११.४५ आणि ११.३०ला. सरासरी साधारण ११.३५. आठवड्यातून चार रात्री अडीचच्या सुमाराला उठला आणि तास-सव्वा तास हसत, उड्या मारत जागा राहिला. शाळेच्या दिवशी साडेसहाला ओढून काढावं लागलं, रविवारी साडेनऊपर्यंत झोपला. आणि ज्याची कुणी नोंदच घेतली नव्हती ती गोष्ट: शाळेतून येताना व्हॅनमध्ये पेंगतो, तसाच उचलून घरात निजवतात आणि चार ते साडेपाच तो झोपतो. आजी म्हणतात, रात्री झोपला नाही ना बिचारा. भावना समजते, पण रात्रीच्या झोपेचा दाब तिथंच उतरतो.

सुरुवात संध्याकाळपासून नाही, सकाळपासून केली. उठायची वेळ साडेसहा, आठवड्याचे सातही दिवस, रात्री कितीही वाजता झोपलेला असो. उठला की पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत, उजेडात. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे सरकवतो आणि रात्रीचा उलटा सरकवतो. दुपारची झोप बंद. व्हॅनमध्ये पेंगू नये म्हणून व्हॅनवाल्या काकांना सांगून त्याला पुढच्या खिडकीशी बसवलं आणि घरी आल्याबरोबर पायऱ्या चढण्याचा खेळ लावला. सहा वर्षांच्या मुलाला दुपारची झोप लागत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला लागते, तिथं ती बंद न करता तीनच्या आत उरकायची. संध्याकाळचा चहाही बंद. अर्धा कपच पितो, दुधाळच असतो, हे म्हणणं खरं असलं तरी त्यातलं कॅफिन त्या छोट्या अंगाला पुरेसं असतं. चॉकलेट आणि कोलाही त्यात आलं.

मग रात्र. सरासरी ११.३५मध्ये अर्धा तास मिळवला आणि आडवं करायची वेळ ठरवली १२.०५. आईबाबांचे चेहरे इथं उतरतात. पण तो आत्ताही बाराच्या आसपासच झोपतोय. फरक एवढाच की आता तो गादीबाहेर जागेल. काही उपचारक अर्धा तास न मिळवता सरासरीच्या वेळेपासूनच सुरू करतात, तेही चालतं. सुरुवात शुक्रवारी केली, म्हणजे पहिल्या दोन सकाळी शाळेची घाई नाही.

नऊ ते बारा काय करायचं, हा खरा प्रश्न. बाहेरच्या खोलीत, एकच पिवळा दिवा, चटईवर ठोकळे, मणी ओवणं, डब्यात डाळ ओतणं, जे त्याला आवडतं पण चढवत नाही ते. पडदा नाही, मोबाइलचा नाही आणि टीव्हीचाही नाही. म्हणजे आजींची मालिकाही नाही. या एका मुद्द्यावर कित्येक घरांत ही पद्धत मोडते. आजींना दुपारी पुनःप्रक्षेपण बघायला पटवणं हाही उपचाराचा भागच समजावा. जागवायची पाळी एकावर टाकली नाही. आई साडेनऊला झोपली, बाबा कामावरून येऊन बारापर्यंत थांबले; पहाटेच्या बाजूची जबाबदारी आईची.

नियम असा. आडवं केल्यावर पंधरा मिनिटांत झोप लागली आणि असं लागोपाठ दोन रात्री झालं, तर पुढच्या रात्री वेळ पंधरा मिनिटं अलीकडे. नाही लागली, तर त्याला गादीवर लोळत ठेवायचं नाही. न रागावता उठवून बाहेर चटईवर बसवायचं, पेंगू लागला की परत गादी. आणि पुढच्या रात्रीची वेळ पंधरा मिनिटं उशिरा. मूळ पद्धतीत पूर्ण तासभर बाहेर बसवतात आणि वेळ अर्ध्या अर्ध्या तासानं हलवतात. घरच्या घरी करताना पंधराची पायरी बरी पडते. वेग कमी, पण घसरणही कमी.

पहिल्या दोन रात्री १२.०५ला आडवा केला, दोन्ही वेळा दहा मिनिटांत झोप. तिसरी आणि चौथी ११.५०. असं करत बाराव्या रात्रीपर्यंत १०.५०. या काळात त्याची किरकिर वाढली, शाळेतून तक्रार आली. हे होतं, कारण मधले काही दिवस झोप खरंच कमी पडते. शाळेला आणि थेरपिस्टला आधी कल्पना दिलेली असावी. तेराव्या रात्री १०.३५ला आडवा केला आणि तासभर जागा. चौदाव्याला १०.५०, तरी जागा. पद्धत फसली असं घरात ठरत होतं, तेवढ्यात वही उघडली. दोन दिवस आई नव्हती आणि संध्याकाळी पाचला अर्धा तास डोळा लागू दिला होता. ती डुलकी बंद झाली आणि काही रात्रींत गाडी १०.३५वर परत आली. महिनाभरात वेळ ९.२० झाली. साडेनऊला झोप, साडेसहाला उठणं, नऊ तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, असं अमेरिकेच्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६मध्ये सांगितलं आहे. म्हणजे हा मुलगा खालच्या रेघेला टेकला. काही मुलं तिथंच थांबतात. मूल सकाळी आपणहून उठत असेल आणि दिवसा पेंगत नसेल तर आणखी ओढू नये.

अडीचचं उठणंही आठवड्यात चारवरून एकावर आलं. झोप एकसलग आणि दाबाची झाली की मधली जाग बरीचशी आपोआप कमी होते.

झोपेआधीची वीस मिनिटं

वेळ सरकत असताना तिच्या आधीची वीस-तीस मिनिटं मात्र रोज तीच. चार-पाच पायऱ्या पुरे: शू, दात, रात्रीचे कपडे, एक पुस्तक, दिवा. ही साखळी १२.०५च्या आधी चालू होती तशीच ९.२०च्या आधीही चालू राहिली. मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो.

क्रम दिसावा लागतो. इंटरनेटवरची छापील चित्रं आणण्यापेक्षा आपल्याच घरातल्या ब्रशचा, आपल्याच गादीचा फोटो काढून पुठ्ठ्याच्या पट्टीवर लावा. एक काम झालं की मुलानं तो फोटो काढून डब्यात टाकायचा. पट्टी रिकामी होत जाते, शेवट दिसतो, आणि आईला तोंडानं पन्नासदा सांगावं लागत नाही. ज्या मुलाला चित्रं अजून समजत नाहीत त्याच्या हातात वस्तूच द्यायची: ब्रश, मग उशी.

कुठली पायरी शांत करते हे मुलामुलावर ठरतं. कोमट पाण्याची आंघोळ एकाला सैल करते, दुसरा त्यानंतर तासभर घरभर पळतो. पळणाऱ्याची आंघोळ संध्याकाळी सहाला. तेल लावून पाय चोळलेले एकाला हवे असतात, दुसऱ्याला तो स्पर्श सहन होत नाही. आवडती आणि चढवणारी गोष्ट साखळीत ठेवायची असेल तर सुरुवातीला. शेवटची पायरी कंटाळवाणीच हवी.

आणि साखळी जमल्यावर तिच्यात मुद्दाम एक छोटा बदल करत राहावं. आज वेगळी चादर, उद्या बाबा दात घासतील, परवा पुस्तक दुसरं. ही मुलं क्रमाला इतकी घट्ट धरतात की निळीच उशी आणि आईच, याशिवाय झोप नाही अशी अट तयार होते. मग आई दवाखान्यात असली की घर कोलमडतं. क्रम कायम, तपशील हलते, असा बेत पहिल्या महिन्यातच घातलेला बरा.

आपल्याकडं मूल आईबाबांशेजारीच झोपतं. परदेशी पुस्तकं स्वतंत्र खोली गृहीत धरून लिहिलेली असतात. त्यामुळं दडपण घेऊ नका; शेजारी झोपणं हा दोष नाही. प्रश्न वेगळा आहे. झोप लागताना जे हजर होतं ते रात्री जाग आल्यावर परत लागतं. आपण सगळेच रात्रीतून काही वेळा अर्धवट जागे होतो आणि कूस बदलून झोपतो. मूल थोपटून घेत झोपलं असेल तर अडीचला त्याला थोपटणारा हात हवा असतो. मोबाइल बघत झोपलं असेल तर मोबाइल. म्हणून डोळा लागण्याच्या क्षणी हात बाजूला असेल इतपत हळूहळू अंतर करायचं. चार दिवस थोपटण्याऐवजी हात नुसता अंगावर, मग चार दिवस हात गादीवर, मग आई शेजारी पण पाठ करून. खोली तीच, गादी तीच. यात पहिल्या काही रात्री मूल जास्त मागतं, जास्त रडतं. तिसऱ्या रात्री दमून पुन्हा थोपटायला लागलात तर ते एवढंच शिकतं की तीन रात्री रडलं की हात मिळतो. घरात आजारपण किंवा परीक्षा असेल तर हा भाग सुरूच करू नये.

रात्री उठलाच तर? दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, खाऊ नाही, पडदा नाही. हात धरून परत गादीवर, हवं तेवढ्या वेळा, त्याच थंडपणानं. ते हसत असेल तर हसायचं नाही. हे सर्वांत कठीण. आणि स्वतः गाढ झोपलो तरी मूल सुरक्षित राहील अशी सोय आधीच करायची: मुख्य दाराला वरची कडी, गॅसचा रेग्युलेटर बंद, खिडकीला जाळी, दाराला टांगलेली छोटी घंटा.

गोळ्या आणि जड पांघरुणं

सकाळचा उजेड, बंद डुलकी, सरकती वेळ, हे सगळं तीन-चार आठवडे खरोखर पाळूनही झोपेची वेळ हललीच नाही, तर डॉक्टरांशी मेलाटोनिनबद्दल बोलायला हरकत नाही. २०२०च्या त्या सूचनांमध्ये सुरुवात १ ते ३ मिलिग्रॅमनं, झोपायच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कमाल मर्यादा दिवसाला १० मिलिग्रॅम, असं दिलं आहे. ती कमाल आहे, लक्ष्य नव्हे. साध्या मेलाटोनिननं झोप लवकर लागते. मध्यरात्रीच्या जागेवर त्याचा उपयोग कमी. युरोपात २०१८मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांसाठी हळूहळू विरघळणाऱ्या मेलाटोनिनला मान्यता मिळाली ती त्याचसाठी. नातेवाईक अमेरिकेहून आणतात त्या चघळायच्या गोळ्यांबाबत सावध राहा. तिथल्याच २५ उत्पादनांची तपासणी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या २२ गोळ्यांवर लिहिलेलं प्रमाण चुकीचं होतं, आणि निदान एकात तर लेबलाच्या तिपटीहून अधिक मेलाटोनिन निघालं.

सर्दीखोकल्याचं गुंगी आणणारं औषध झोपेसाठी देणं मात्र बंद करा. काही मुलं त्यानं झोपण्याऐवजी जास्तच चेकाळतात, आणि झोपली तरी सवय कुठलीच लागत नाही. मूल आधीपासून कुठलं औषध घेत असेल तर त्याची वेळही डॉक्टरांना विचारा. एडीएचडीसाठीचं मिथाइलफेनिडेट दुपारनंतर दिलं तर रात्र जाते.

वजनदार पांघरुणांची जाहिरात सध्या जोरात आहे आणि किंमतही. ब्रिटनमध्ये ५ ते १६ वर्षांच्या ऑटिझम असलेल्या मुलांवर त्यांची चाचणी झाली, २०१४मध्ये निष्कर्ष आले. झोपेच्या वेळेत फरक पडला नाही. मुलांना आणि पालकांना मात्र ते पांघरूण साध्या पांघरुणापेक्षा जास्त आवडलं. तेव्हा मुलाला अंगावर भार आवडत असेल तर आजीची जाड गोधडी काढा, त्याला स्वतःला ती सहज बाजूला करता येते ना एवढं बघा, आणि ते पैसे फेरिटिनच्या तपासणीवर खर्च करा.

बसलेली घडी मोडणारच. गणपतीत मांडवाचे स्पीकर, मे महिन्यात गावी अंगणातली बाज आणि चुलत भावंडं, लग्नघर, ताप. त्या दिवसांत वेळ पाळता आली नाही तरी फोटोंची पट्टी, नेहमीची उशी आणि साडेसहाचं उठणं एवढं सोबत न्यावं. तापात तर उठवायचंही नाही. परत आल्यावर लगेच ९.२०ला आडवं करू नका. तीन रात्री नुसती वही लिहा, प्रत्यक्ष झोप कधी लागते ते पाहा आणि त्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या पायऱ्यांनी परत या. पहिल्या वेळी महिना लागला असेल, तर या वेळी बहुधा आठ-दहा रात्रींत जमतं. नाहीच जमलं तर पुन्हा तपासणीच्या यादीपासून सुरू करा, कारण मधल्या काळात दात हलायला लागलेला असू शकतो.